माल, उधारी आणि 105 दिवस

आम्ही सॉफ्टवेअरवाले महिनाभर काम करतो आणि महिन्याच्या शेवटी पगार घेतो. आपली कंपनीकडे उधारी फार तर 30 दिवसांची, तीही न मागता वसूल होते! त्यामुळे "धंदा फायद्यात आहे, पण हातात पैसा नाही" हे वाक्य आपल्याला पटकन पचत नाही.

माझा मोठा मावसभाऊ भोसरी एमआयडीसीत टूल्सचं ट्रेडिंग करतो. सीएनसी मशीनला लागणारे इन्सर्ट, ड्रिल, एंडमिल वगैरे. मध्यंतरी त्याला चाकणच्या एका व्हेंडरकडून मोठी ऑर्डर आली. रोज सरासरी साडेबारा हजारांचा माल, खरेदी दहा हजारांची, म्हणजे महिन्याला 75 हजार ढोबळ नफा. दादा फ्लॅट तारण ठेवून बँकेची लिमिट वाढवायला निघाला होता. वहिनीचा प्रश्न साधा होता, "नफ्याची ऑर्डर आहे तर घर कशाला गहाण ठेवायचं?"

मग आम्ही दोघं टॅली उघडून बसलो.

गणित तीन आकड्यांचं आहे. माल दुकानात सरासरी किती दिवस पडून राहतो, त्यात विकल्यानंतर पैसे यायला लागणारे दिवस मिळवायचे, आणि आपण पुरवठादाराला जितक्या दिवसांनी पैसे देतो ते दिवस वजा करायचे. दादाकडे माल 45 दिवस राहतो. या गिऱ्हाइकाची उधारी 90 दिवसांची. दादा स्वतः 30 दिवसांत पैसे देतो. 45 अधिक 90 वजा 30, म्हणजे 105 दिवस.

हे दिवस कॅलेंडरवर बघा. आज माल आला. तिसाव्या दिवशी पुरवठादाराला पैसे गेले. पंचेचाळिसाव्या दिवशी माल चाकणला गेला आणि चेक आला 135 व्या दिवशी. तिसाव्या दिवसापासून 135 व्या दिवसापर्यंत रोज दहा हजार नुसते बाहेर जाणार. 105 गुणिले दहा हजार, म्हणजे साडेदहा लाख. त्यानंतर रोज अडीच हजार वरचे सुटणार. म्हणजे घातलेले साडेदहा लाख भरून यायला आणखी 14 महिने, तेही व्याज आणि टेम्पोचं भाडं न धरता. फ्लॅट लागतो तो इथे.

बरं, यातला कुठला आकडा हलवता येईल?

देण्याचे दिवस फार ताणता येत नाहीत. दादाचे पुरवठादार छोटे उत्पादक आहेत. 2006 च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांना, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. आर्थिक वर्ष 2023-24 पासून ही मुदत चुकवून वर्षअखेर रक्कम बाकी राहिली, तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत ती खरेदी आयकरात खर्च म्हणून धरत नाहीत. गंमत म्हणजे दादाला स्वतःला हे संरक्षण नाही. जुलै 2021 मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळू लागली, पण ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतीच. द्यायला कायदा आहे, घ्यायला नाही!

उधारीचे दिवस तर कागदापेक्षा लांबतात. पीओवर लिहिलेले 75 दिवस बिलाच्या तारखेपासून नाही, तर गिऱ्हाइकाने जीआरएन केल्यापासून मोजले जातात. माल गेटवर दोन दिवस, क्वालिटीत चार दिवस, आणि पेमेंट महिन्यातून एकदाच. पंच्याहत्तरचे नव्वद असेच होतात. म्हणून आपल्या बिलाची तारीख आणि बँकेत पैसे आल्याची तारीख, एवढ्याच दोन तारखा खऱ्या. आणखी एक खोच. टॅलीत येणं जीएसटीसकट दिसतं आणि विक्री जीएसटीशिवाय. तसाच भागाकार केला तर 18 टक्क्यांच्या मालावर 75 दिवसांचे साडेअठ्ठ्याऐंशी दिसतात. दोन्हीकडे कर धरा, नाहीतर दोन्हीकडून काढा. (तो जीएसटीसुद्धा गिऱ्हाइकाने पैसे देण्याआधीच, पुढच्या महिन्यात भरावा लागतो, हे वेगळंच.)

राहिले मालाचे दिवस. इथे सरासरी फसवते. रॅकवरचे काही इन्सर्ट दहा दिवसांत संपत होते आणि काही वर्षभर हललेच नव्हते, कारण ते ज्या पार्टसाठी आणले तो पार्टच बंद झाला होता. एकेका आयटमची शेवटच्या विक्रीची तारीख काढली तेव्हा ते दिसलं. या ऑर्डरला मोजकेच आयटम लागणार होते, आणि दर आठवड्याला थोडा थोडा माल मागवायला पुरवठादारही तयार झाला. पंचेचाळिसाऐवजी 20 दिवसांचा साठा पुरणार होता.

शेवटी दादाने अर्धीच ऑर्डर घेतली. 20 अधिक 90 वजा 30, म्हणजे 80 दिवस. रोजची खरेदी पाच हजार. एकूण चार लाख, आणि तेवढे त्याच्याकडे होते. उरलेल्या अर्ध्या ऑर्डरसाठी त्याने गिऱ्हाइकाला निरोप धाडला आहे: 45 दिवसांत पैसे देणार असाल तर दरात दोन टक्के सूट देतो. उत्तर अजून आलेलं नाही. फ्लॅटचे कागद मात्र कपाटातच आहेत.