राजीनामा, बिबडे आणि 3 जून

ग्रुपवर उधन्याच्या, लिंबायतच्या जुन्या आठवणी वाचते, लूमवरच्या, गिरणीतल्या, भुसावळ लाईनच्या गाड्यांच्या. माझी आठवण एका ई-मेलची आहे. हसू नका.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. कापड व्यापाऱ्यांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर बनायचं. दुसऱ्यांनी लिहिलेलं चालवून बघायचं, चुका शोधायच्या आणि त्या नीट लिहून काढायच्या, हे माझं काम. फेब्रुवारी 2022 मध्ये अशीच एक चूक मी शोधली होती. बिलातल्या प्रत्येक ओळीचा जीएसटी आपापला पूर्ण रुपयात बसवला जायचा आणि मग बेरीज व्हायची. एका ओळीत 40 पैसे सुटले तर काय बिघडतं? पण साठ ओळींच्या बिलात 24 रुपये सुटतात, आणि व्यापाऱ्याचा हिशेब जुळत नाही. मी ते लिहून दिलं. "एवढं कोण बघतं" म्हणून ते तसंच बंद केलं गेलं. रिलीज झालं, ग्राहकाचा फोन आला, आणि सगळ्यांसमोर प्रश्न मला: "टेस्टिंगमध्ये कसं सुटलं?"

त्या रात्री मी राजीनामा लिहिला. दोन पानं. बगचा नंबर, तारीख, कोणी बंद केला त्याचं नाव, सगळं. नाहीतरी वर्षभर डोक्यात बिबड्यांचा धंदा होताच. आई अमळनेरची, तिच्या हातचे ज्वारीचे बिबडे डिंडोलीत शेजारीपाजारी मागून न्यायचे. आई गच्चीवर होती. ज्वारी भिजून तिसरा दिवस, तिचं पाणी बदलत होती. मी पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भांडण चांगलं लिहिलंस पोरी. पण जायचं कधी ते कुठंय?"

खरंच नव्हतं. दोन पानांत शेवटच्या दिवसाची तारीखच नव्हती!

मग कॅलेंडर घेऊन बसले. मी लागले 1 जून 2017 ला. आमचा नोटीस पिरियड 60 दिवसांचा. फेब्रुवारीत पत्र दिलं असतं तर एप्रिलमध्ये बाहेर, म्हणजे पाच वर्षांना महिना-दीड महिना कमी. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. पाचव्या वर्षात 240 दिवस भरले की चालतं असंही काही जण सांगतात, पण त्यावर वाद घालत बसायची माझी तयारी नव्हती. माझा मूळ पगार 18,000. त्याला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं आणि वर्षांनी गुणायचं: 51,923 रुपये. रागाची किंमत एवढी होती.

पण दुसऱ्या बाजूला ऊन होतं. बिबड्याचा घाटा शिजवून, ओल्या हाताने ओल्या धोतरावर थापून कडक उन्हात वाळवायचा असतो. मार्च ते मे हाच हंगाम. जूनमध्ये सुरतेची हवा दमट झाली की वाळलेलासुद्धा मऊ पडतो. नोकरीत थांबले तर हंगाम जाणार, हंगाम धरला तर ग्रॅच्युइटी जाणार. शेवटी आई म्हणाली, "यंदाचं मी बघते, तू रविवारी थापायला ये." मीही ठरवलं की नोकरी सुटेपर्यंत एकही पाकीट विकायचं नाही. करारात दुसरा धंदा चालणार नाही असं कलम होतं. ते घरचे आणि पाहुण्यांना चव दाखवायचे, बस्स.

सोमवार, 4 एप्रिलला पत्र दिलं. दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर साठावा दिवस शुक्रवार, 3 जून. पाच वर्षं भरून वर तीन दिवस. नोटीसमध्ये सुट्टी घेतली तर आमच्याकडे तेवढे दिवस पुढे ढकलायचे, म्हणून एकही घेतली नाही.

मूळ पत्र इंग्रजीत होतं. मराठीत साधारण असं:

"सर, मी टेस्टर पदाचा राजीनामा देत आहे. 60 दिवसांच्या नोटीसप्रमाणे माझा कामाचा शेवटचा दिवस 3 जून 2022 असेल. मी आईसोबत घरगुती खाद्यपदार्थांचा छोटा व्यवसाय सुरू करते आहे. चूक सापडली की आधी ती पुन्हा करून बघायची, मगच बोलायचं, ही सवय मला इथे लागली. पहिल्या वर्षी तुम्ही शेजारी बसून माझे रिपोर्ट सुधारून दिले, त्याबद्दल आभार. उघडे बग, दर रिलीजला तपासायच्या गोष्टींची यादी आणि टेस्टचा डेटा मी 27 मेपर्यंत सोपवीन, म्हणजे शेवटचा आठवडा शंकांसाठी राहील. कृपया शेवटची तारीख उत्तरात मान्य करावी."

एवढंच. शेजारी बसून शिकवल्याची ओळ लिहिताना हात अडला, कारण बग बंद करणारे आणि शिकवणारे सर एकच. पण शिकवलं होतं हेही खरंच होतं की. जे खरं नव्हतं ते, म्हणजे 'कुटुंबासारखी कंपनी' वगैरे, लिहिलंच नाही. 'वैयक्तिक कारण' लिही असा सल्ला मैत्रिणीने दिला होता. पण मी दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपनीत चालले नव्हते, मग लपवायचं काय? आणि कारण झाकलं की पुढचे दोन महिने ऑफिस तेच शोधत बसतं.

बिलाच्या बगचं मी शेवटच्या मुलाखतीत तोंडी सांगितलं, कुणाचं नाव न घेता. राजीनामा फाईलमध्ये राहतो. उद्या धंदा बुडाला आणि परत नोकरी शोधायची वेळ आली, तर विचारणा त्याच ऑफिसात होणार.

सरांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "धंधो करवो छे? सरस." मग जरा वेळाने, "तारीख पक्की का? जून बिझी आहे." त्यांना मी मेच्या मध्यालाच गेले तरी चालणार होतं, दोन आठवड्यांचा पगार वाचला असता. पण पत्रात तारीख होती. संध्याकाळपर्यंत मान्य असल्याचा मेल आला, तेव्हा कुठे श्वास सोडला. सांगायचं तर आमच्यातल्या बऱ्याच पोरी-पोरं नुसतं तोंडी सांगून मोकळी होतात आणि मग रिलीव्हिंग लेटरसाठी फेऱ्या मारतात.

हँडओव्हरला मी एक एक्सेल केली. प्रत्येक ओळीत काय तपासायचं, कोणत्या डेटावर, काय यायला हवं. कपात, उधारी, परत आलेला माल आणि तो रुपयांचा प्रकारसुद्धा. ग्रॅच्युइटीचा अर्ज, फॉर्म आय, लगेच दिला. तो तीस दिवसांच्या आत द्यायचा होता. पैसे आले त्यातून मोठी शेगडी, दोन जाड पातेली आणि पाकीट बंद करायचं मशीन आलं. खाद्यपदार्थाची छोटी नोंदणी वर्षाला 100 रुपयांत झाली. पहिल्या पाकिटांवर तारखेचा शिक्का उलटा बसला, टेस्टरच्या घरात!

ऑगस्टमध्ये सरांचा फोन आला. आवाज खाली. "बेन, ते रुपयाचं परत आलंय. नवीन मुलगा म्हणतो सगळं तपासलं." मी बिबड्याचं कापड धुवत होते. हात पुसले आणि म्हणाले, "सर, एक्सेलमध्ये बघा. 47 वी ओळ."