बारांतला आठवा

भाईंदर पूर्वेला लहान मुलांचे फोटो काढायचे म्हटले की बहुतेक आईवडील जेसल पार्कची चौपाटी सुचवतात. इंद्रलोक, नवघर, गोडदेव, कुठूनही रिक्षा करून येता येतं आणि फुगेवाले, चणेवाले असल्यामुळे मूल रडत नाही. फोटोग्राफरच्या दृष्टीने तिथे दोन गोष्टी आहेत: खाडीवरचं मोकळं आभाळ आणि पश्चिमेला रेल्वेच्या पुलामागे उतरणारा सूर्य. उजेड सुंदर असतो, पण भराभर जातो. पोर मात्र त्याच वेगाने पळत राहतं.

म्हणून बर्स्ट. बटण दाबून धरायचं, सेकंदाला दहा फोटो. ते काढण्यात फारसं कसब नाही. कसब घरी आल्यावर, एकसारख्या दिसणाऱ्या फोटोंतून एक उचलण्यात आहे. मुलांच्या आया नेमकं हेच विचारतात, "दादा, सगळे सारखेच तर आहेत, कुठलाही द्या ना." मोबाइलच्या पडद्यावर ते खरंच सारखे असतात. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरही असतात, कारण तो छोटा आणि वरून गुळगुळीत करून दाखवणारा. त्याच्यावर विसंबून मी जागेवर एकही फोटो उडवत नाही.

एक बर्स्ट घेऊन बसू. तीनेक वर्षांची मुलगी, पिवळा फ्रॉक, माझ्या दिशेने पळत येतेय. लेन्स ८५ मिलिमीटरची, फुल फ्रेम कॅमेरा उभा धरलेला, अ‍ॅपर्चर f/2.8, शटर १/५००. बारा फोटो, म्हणजे सव्वा सेकंदाचा खेळ.

आधी हिशेब बघा. एवढं पोर सेकंदाला साधारण दोन मीटर पळतं, म्हणजे एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत ते वीस सेंटिमीटर पुढे सरकलेलं असतं. तीन मीटरवर या लेन्सला f/2.8 वर जो पट्टा स्पष्ट दिसतो, तो जेमतेम एकवीस सेंटिमीटरचा. दोन मीटरवर तो नऊवर येतो. कॅमेऱ्याचा फोकस डोळा पकडून मागेमागे येत असतो खरा, पण एका फोटोपुरता जरी मागे राहिला तरी पट्टा डोळ्यांवरून कानावर जातो. त्यामुळे असल्या बर्स्टमध्ये सगळे फोटो शार्प येणं हाच अपवाद.

पहिली चाळणी मी मुद्दाम लहान आकारात लावतो, सगळे बारा एका पडद्यावर. इथे फोकस बघायचाच नाही, फक्त चेहरा बघायचा. डोळे मिटलेले, शब्द उच्चारताना वाकडं झालेलं तोंड, केस नाकावर आलेले, हे सगळं लहान आकारात पटकन दिसतं. आधीच मोठं करून बसलो की मन पापण्या मोजत बसतं आणि चेहरा बघायचा राहून जातो. पापणी मिटून उघडायला एक ते चार दशांश सेकंद लागतात, म्हणजे प्रत्येक उघडझापेत एकदोन फोटो अर्धवट झाकल्या डोळ्यांचे निघणारच. ते मूल झोपाळू दिसतं, आणि हा दोष एडिटिंगने सुधारत नाही. इथे पहिले दोन गेले, कॅमेऱ्याने अजून मागची फरशीच धरली होती आणि ते लहान आकारातही लपत नव्हतं. शेवटचे तीनही गेले: मुलगी इतकी जवळ आली की कपाळ कापलं गेलं.

उरले सात. आता फोटो शंभर टक्क्यांवर, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर. यापेक्षा जास्त मोठं केलं तर सगळेच फोटो बिघडलेले वाटतात, कमी केलं तर सगळेच छान. मी लाइटरूममध्ये `C` दाबून दोन फोटो शेजारी ठेवतो, जवळचा डोळा दोन्हीकडे एकाच वेळी मोठा करतो आणि हरलेल्याला `X` देतो. एकेक फोटो सुटा बघून ठरवायला गेलो तर नजर सरावते आणि पाचव्याला तिसऱ्यापेक्षा चांगलं म्हणून मोकळी होते.

चौथ्या फोटोत डोळा मऊ, पण कानातलं आणि मागची वेणी कशी लख्ख! म्हणजे फोकस मागे राहिला. फोकस चुकला की फोटोत कुठेतरी दुसरीकडे काहीतरी स्पष्ट असतंच, ते शोधायचं. डोळ्यातला उजेडाचा ठिपका अशा वेळी फुगून गोल होतो.

पाचवा फोटो मात्र फसवा होता. डोळा मऊ, आणि कान, बटण, वेणी काहीच नीट नाही. मागची रेलिंग अंधुक असली तरी एकाच बाजूला ओढलेली नाही, म्हणजे माझा हात हललेला नाही. मग चेहऱ्याच्या कडा बघितल्या. गालाची उभी कड स्वच्छ आणि पापणीची आडवी रेघ पुसलेली. डोळ्यातला ठिपकाही खालीवर लांबट. पाऊल जमिनीवर आपटतं त्या क्षणी डोकं खाली जातं, त्याचा हा पुरावा. सेकंदाला अर्धा मीटर इतकाच वेग धरला तरी १/५०० सेकंदात एक मिलिमीटर होतो, आणि तीन मीटरवरून काढलेल्या चोवीस मेगापिक्सेलच्या उभ्या फोटोत एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ पाच पिक्सेल. सरळ लेन्सकडे येण्याने फोटो एवढा पुसत नाही. पुसतो तो आडव्या किंवा उभ्या हलण्याने.

यातूनच एक सोय निघते. उडीच्या टोकाला, दोन्ही पाय हवेत असताना, डोकं क्षणभर वर जाणंही थांबवतं आणि खाली येणंही. झोपाळ्यावरच्या मुलाचं तसंच: दोन मीटरच्या साखळीचा झोका चाळीस अंशांवर गेला तर खालून जाताना वेग सेकंदाला तीन मीटर, आणि टोकाला शून्य. बर्स्टमध्ये शार्प फोटो शोधायचा तर आधी हे टोकाचे फोटो उघडावेत. पिवळ्या फ्रॉकवाल्या मुलीचा सहावा असाच होता, दोन्ही पाय अधांतरी आणि पापणीचा केस न् केस मोजता येईल इतका शार्प. पण तोंड आवळलेलं, उडी सांभाळण्याच्या कष्टात. नववाही शार्प, पण नजर चणेवाल्याकडे.

आठव्यात जवळचा डोळा पक्का, लांबचा किंचित मऊ, उजवा हात तर पंख्याच्या पात्यासारखा पुसलेला. हसू मात्र नुकतं फुटलेलं, पूर्ण पसरण्याच्या आधीचं. हात हललेला चालतो, उलट त्यामुळेच ती पळतेय हे कळतं. डोळा हललेला चालत नाही. आठव्याला `P`.

१९१९ च्या 'कालिया मर्दन'ची सुरुवात आठवते का? फाळक्यांनी गोष्ट सुरू करण्याआधी आपली मुलगी मंदाकिनी नुसती कॅमेऱ्यासमोर बसवून तिच्या चेहऱ्यावरचे बदलते भाव दाखवले. तिथे भाव एकातून दुसऱ्यात वाहत जातो. आम्हाला त्यातला एकच तुकडा कापून द्यायचा असतो, आणि तो बहुतेक वेळा भावाच्या शिखराच्या जरा अलीकडे सापडतो.

एक फसगत अजून राहिली. उजेड उतरल्यावर आयएसओ ३२०० च्या पुढे जातो आणि फोटोत दाणे येतात. दाणेदार फोटो पहिल्या नजरेला शार्प भासतो, कारण नजर त्या खरखरीलाच बारकावा समजते. पापणीच्या केसाची रेघ सलग आहे का, एवढंच तपासायचं. आणि अशा फोटोचे दाणे सॉफ्टवेअरने काढायच्या आधी निवड करायची, नंतर नाही. दाण्यांबरोबर पापण्याही जातात आणि मग चांगले-वाईट सगळे एकाच मापाचे गुळगुळीत होतात.

पाचवाही मी ठेवला. पाच पिक्सेलची पुसट चार बाय सहाच्या प्रिंटवर मिलिमीटरचा आठवा हिस्सा होते, कुणाला दिसत नाही. त्यात हसू आठव्यापेक्षा मोकळं होतं. मुलीच्या आईने नेमका तोच बारा बाय अठरामध्ये मागितला. तेवढ्या आकाराला ती पुसट जवळजवळ ०.४ मिलिमीटर होते आणि हॉलमध्ये जवळून बघणाऱ्याला खटकते. मी तिला दोन्हींच्या डोळ्यांचे तुकडे बारा बाय अठराच्या मापात छापून आणून दाखवले. भिंतीवर आठवा गेला, पाचवा अल्बममध्ये.