खांब, दुभाजक आणि मग आकडा

ब्रिटनमधल्या ड्रायव्हिंगच्या थिअरी टेस्टमध्ये वेगमर्यादांचे आकडे मोजकेच असतात. कारसाठी तर तीनच लक्षात ठेवायचे: दिव्यांच्या रस्त्यावर ताशी ३० मैल, दुभाजक नसलेल्या मोकळ्या रस्त्यावर ६० आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर किंवा मोटरवेवर ७०. तरीही चांगला अभ्यास केलेले परीक्षार्थी इथेच गुण घालवतात. आकडा आठवतो, पण समोरच्या प्रश्नातला रस्ता नेमका कोणत्या प्रकारात मोडतो ते ठरत नाही. गल्लत होते ती रस्ता ओळखण्यात.

परीक्षेत ५० प्रश्न असतात, त्यासाठी ५७ मिनिटे मिळतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ४३ बरोबर लागतात. पुढे धोका ओळखण्याची व्हिडिओची चाचणी वेगळी. भारतातल्या लायसन्सवर ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते. त्यानंतर ही परीक्षा द्यावीच लागते. पुण्यात पंधरा वर्षे गाडी चालवून लेस्टरला आलेल्या माणसाला ती सोपी वाटते. मलाही वाटली होती. पहिल्या वेळी ४२ गुण पडले. हातात आलेल्या कागदावर चुकलेले प्रश्न नसतात, फक्त ते कोणत्या विषयांतले होते तेवढे छापलेले असते. पण त्यातले दोन प्रश्न मला स्वच्छ आठवत होते आणि दोन्ही वेगमर्यादेचे होते.

पहिला असा: शहरातला रस्ता, मध्ये दुभाजक, दोन्ही बाजूंना दोन-दोन लेन, दिव्यांचे खांब आहेत, वेगाची पाटी कुठेही नाही. कारची मर्यादा किती? मी ७० वर बोट ठेवले. दुभाजक दिसला आणि डोक्यात ‘ड्युअल कॅरेजवे, सत्तर’ हे जोडीने उमटले. बरोबर उत्तर ३० आहे. पाटी नसेल आणि रस्त्यावर दिवे असतील, तर दुभाजक असो वा नसो, मर्यादा सहसा ३० असते. इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्यात अशा दिव्यांमधले अंतर २०० यार्डांपेक्षा, म्हणजे साधारण १८३ मीटरपेक्षा जास्त नसावे असे ठरलेले आहे. म्हणून दिवा दुभाजकाच्या आधी बघायचा. अपवाद मोटरवेचा: तिथे दिवे असले तरी ते मोजायचे नाहीत, मर्यादा ७०च.

पाठांतराने हे सुटत नाही, कारण पुस्तकातला तक्ता रस्त्याच्या नावाने मांडलेला असतो आणि प्रश्न रस्त्याच्या वर्णनाने येतो. वर्णनाकडून आकड्याकडे जायचे तर क्रम ठरलेला हवा. आधी पाटी. लाल कडेच्या गोलात आकडा लिहिला असेल तर तोच कमाल वेग. तिथे खांब-दुभाजक बघायचे कारण नाही. पाटी नसेल तर दिवे. दिवे नसतील तर दुभाजक. शेवटी वाहन. हा क्रम एकदा बसला की प्रश्नातली वाक्ये कशीही उलटसुलट लिहिलेली असली तरी उत्तर एकाच वाटेने निघते.

क्रम अंगवळणी पडला तो चालताना. घरापासून बसथांब्यापर्यंतच्या रस्त्यावर दिव्यांचे खांब ओळीने आहेत आणि ३० ची एकही पाटी नाही. दिवे असलेल्या ३०च्या रस्त्यावर अधूनमधून आठवण करून देणाऱ्या छोट्या पाट्या लावत नाहीत. थांब्यापलीकडचा मोठा रस्ता मात्र ४० चा आहे. दिवे तिथेही तसेच, पण काही अंतराने खांबावर छोट्या थाळीएवढी गोल पाटी असते आणि तिच्यात ४० लिहिलेले असते. दिव्यांच्या रस्त्यावर गप्प खांब म्हणजे ३०. मर्यादा वेगळी असेल तर खांब ते सांगतो. हे समोर बघितल्यावर पुन्हा चुकले नाही.

शहराच्या टोकाला एका खांबावर दोन तोंडे असलेली पाटी आहे. आत येणाऱ्याला लाल कडेत ३० दिसते. बाहेर जाणाऱ्याला पांढऱ्या गोलावर तिरपी काळी पट्टी दिसते. ही पट्टी परीक्षेत हमखास विचारतात आणि नवखे तिला ‘मर्यादा संपली, हवे तसे चालवा’ असे समजतात. तिचा अर्थ राष्ट्रीय मर्यादा लागू झाली असा आहे, आणि ती एकाच आकड्याची नाही: कारसाठी दुभाजक नसेल तर ६०, असेल तर ७०. इथे लेन मोजणे हा दुसरा सापळा. तीन लेनचा रुंद रस्ता असला तरी मध्ये दुभाजक नाही, तर तो सिंगल कॅरेजवेच, मर्यादा ६०. उलट प्रत्येक बाजूला एकच लेन असून मध्ये दुभाजक असेल, तर तो ड्युअल. रुंदीवर काही ठरत नाही.

दुसरा चुकलेला प्रश्न ट्रेलरचा. कारला छोटा ट्रेलर जोडला आहे, रस्ता दुभाजकाचा, दिवे नाहीत, पाटी नाही. मी पुन्हा ७० म्हटले, कारण वाहन बघितलेच नव्हते. ट्रेलर किंवा कॅराव्हान ओढणाऱ्या कारसाठी मोकळ्या रस्त्यांवर प्रत्येक ठिकाणी दहा कमी करायचे: ६० चे ५०, दुभाजकावर ७० चे ६०, मोटरवेवरही ७० चे ६०. दिव्यांच्या रस्त्यावरचे ३० मात्र तसेच राहते. वेगळा तक्ता पाठ करायची गरजच नाही, कारचा तक्ता पक्का हवा. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर ६०. मोटरसायकलला कारचेच आकडे लागू होतात.

भारतातून आलेल्यांची एक खास अडचण मैलांची आहे. मी सुरुवातीला प्रत्येक आकडा किलोमीटरमध्ये बदलून पाठ करत होतो: ३० म्हणजे ४८, ६० म्हणजे ९७, ७० म्हणजे ११३. त्यामुळे तीन आकड्यांचे सहा झाले. त्यात थांबण्याच्या अंतराचा तक्ता शेजारी असतो, तोही मीटरमध्ये. ताशी ६० मैलांना ७३ मीटर आणि ७० मैलांना ९६ मीटर असे तिथे लिहिलेले असते, आणि घाईत ७३ व ७० एकमेकांत मिसळतात. मैलांचे रूपांतर सोडून दिले आणि वेगमर्यादा व थांबण्याचे अंतर वेगवेगळ्या दिवशी वाचायला घेतले, तेव्हा हा गोंधळ थांबला.

२० च्या बाबतीत देश बघावा लागतो. इंग्लंडमध्ये शाळांभोवती आणि वस्तीच्या गल्ल्यांत २० चे झोन असतात; आत शिरताना पाटी दिसते, आत बहुधा गतिरोधक असतात. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून दिव्यांच्या रस्त्यांवरची सर्वसाधारण मर्यादाच ३० वरून २० झाली. म्हणून प्रश्नात वेल्सचे नाव आले तर दिव्याच्या नियमाला २० जोडायचे.

राहतो तो निळा गोल. निळ्या वर्तुळात पांढऱ्या अक्षरांत ३० लिहिले असेल, तर तो किमान वेग असतो; त्याहून हळू जायचे नाही. आकडा तोच, पण लाल कडेतला ३० जे सांगतो त्याच्या बरोबर उलट. दुसऱ्या वेळी मला हीच पाटी आली होती. पडद्यावर आकडा वाचण्याआधी मी रंग बघितला.