भाताच्या पानाची डावी बाजू

महाराष्ट्रीय पंक्तीत पान वाढताना मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर यांचे स्थान डाव्या बाजूस असते, आणि ज्या दिवशी भाताचाच एखादा प्रकार रांधून भोजन उरकावयाचे असते त्या दिवशी या डाव्या बाजूचे उत्तरदायित्व एकाएकी वाढते. कारण एरवी आमटी, उसळ, पोळी आणि पालेभाजी यांनी वाटून घेतलेला पोषणाचा भार तेव्हा एकट्या भाताच्या शिरावर येऊन पडलेला असतो. असे असूनही खिचडी असो, पुलाव असो वा बिर्याणी असो, बहुतेक घरांत काकडीचे तेच एक रायते तिन्हींच्या शेजारी सारख्याच अधिकाराने विराजमान होते. वस्तुतः या तिघांच्या ठायी असलेली तूट निरनिराळी आहे, आणि तिच्या भरपाईची तजवीजही निरनिराळीच करावयास हवी.

प्रथम खिचडी घेऊ. एक वाटी, म्हणजे सुमारे 150 ग्रॅम तांदूळ आणि त्याच्या निम्मी मुगाची डाळ एकत्र शिजविली, तर दोन माणसांच्या त्या खिचडीत तांदळाची 11 आणि डाळीची 18 ग्रॅमच्या आसपास प्रथिने येतात. शिवाय तांदळात उणे असलेले लायसीन डाळ पुरविते आणि डाळीत उणे असलेले मेथिओनीन तांदूळ देतो, अशी ही परस्परांची उणीव झाकणारी जोडी आहे. उत्तरेकडे दही, पापड, तूप आणि लोणचे हे खिचडीचे चार सोबती मानतात. पण या चौघांत ताजी भाजी एकही नाही, आणि खिचडीला खरी गरज असते ती तिचीच. डाळीतले लोह शरीरात शोषले जावयाचे तर त्याच भोजनात क जीवनसत्त्व असावे लागते, आणि ते उष्णतेने नष्ट होत असल्यामुळे कच्च्या पदार्थातूनच घेतलेले बरे. बारीक चिरलेली कोबी किंवा टोमॅटो, वर कोथिंबीर आणि पानावरच पिळलेली लिंबाची फोड, एवढ्याने हे काम होते. दह्यातील कॅल्शियम लोहाच्या शोषणाला काहीसे आडवे येते, म्हणून या एका भोजनात दह्यापेक्षा लिंबाला मान द्यावा, असे माझे मत आहे. गाजराचा कीस केला तर खिचडीवरचे चमचाभर तूपही सार्थकी लागते, कारण गाजरातील कॅरोटीनला स्निग्धांशाची सोबत लागते. भोजनानंतर लागलीच चहा घेण्याची सवय मात्र या हिशेबावर पाणी फिरविते.

पुलावाचा मामला याच्या उलट आहे. तांदूळ तेवढाच घेतला, पण डाळीच्या जागी अर्धी वाटी मटार आणि थोडे गाजर आले, की माणशी प्रथिने 14-15 ग्रॅमवरून 8 वर उतरतात. भाज्यांचे रंग डोळ्यांना तृप्त करतात खरे, परंतु ही तूट त्यांनी भरून निघत नाही. येथे दही हवे, आणि तेही घट्ट. 150 ग्रॅम दह्यातून सुमारे 5 ग्रॅम प्रथिने मिळतात, पण वाटीत निम्मे पाणीच असेल तर लाभही निम्माच. रायते पातळ होते ते बहुधा मिठामुळे: चिरलेल्या काकडीला मीठ लागताच तिच्यातले पाणी बाहेर ओढले जाते, आणि थोड्याच वेळात वाटीच्या कडेशी निवळ थर दिसू लागतो. म्हणून काकडी चोचवून आधीच हलकेच पिळावी, ते पाणी कणीक भिजवावयास ठेवावे, आणि मीठ वाढतेवेळी घालावे. दही न सोसणाऱ्यांनी मोड आलेल्या मटकीची उसळ वाटीभर घ्यावी. पुलावाला तिच्यासारखी दुसरी सोबत नाही.

बिर्याणीत मात्र मांस असते, त्याला लावलेले दही असते, तूप आणि तळलेला कांदाही मुबलक असतो. म्हणजे प्रथिनांची चिंता नाही, भय आहे ते स्निग्धांशाच्या अतिरेकाचे. अशा पानावर बुंदीचे रायते वाढणे म्हणजे तळलेल्या बेसनाची त्यात भर घालणे होय. हैदराबादी मिरचीचे सालन चवीला अप्रतिम असले, तरी त्यात शेंगदाणे, तीळ आणि खोबरे वाटलेले असते, तेव्हा ते तोंडी लावण्यापुरतेच बरे. येथे शोभते ती कांदा, टोमॅटो, काकडी आणि लिंबाची भरपूर कचुंबर, जवळजवळ बिर्याणीइतकीच, आणि ती आधी खावी, म्हणजे दुसऱ्या वाढपाची वासना आपोआप मंदावते. पुलावाशेजारी दोष ठरलेले पातळ रायते बिर्याणीशेजारी गुण ठरते. मसाल्यात मीठ पुरेसे असतेच, तेव्हा या रायत्यात ते न घालता भाजलेल्या जिऱ्याची भरड पूड पेरली, की काही उणे राहत नाही.