साहेब, एक प्रश्न विचारू?

प्रमुख पाहुणे लेखक असोत, डॉक्टर असोत, निवेदक मजेत असतो. पण पाहुणे खाकी वर्दीतले असले, की हातातला कागद उगाच ताठ होतो. मग एक तर 'कर्तव्यदक्ष, कर्तृत्वसंपन्न, धडाडीचे' अशी विशेषणांची रांग लागते, नाही तर 'आपल्या वर्ध्याचे सिंघम' म्हणून टाळ्या घेतल्या जातात. दोन्हींत एकच घोळ होतो. समोरच्या पोरांना साहेब दिसतात, पण त्यांच्याशी बोलावंसं वाटत नाही.

वर्ध्यात कॉलेजला असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीवर हे काम आलं, तेव्हा तिचा पुण्याला फोन. "ताई, रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम आहे. वाहतूक शाखेचे साहेब येऊन राहिले. मी काय बोलू?" दिवसभर मीटिंगमध्ये लोकांची ओळख करून देणं हे माझं रोजचंच काम. म्हटलं, चल, करू.

पहिलं काम म्हणजे आदल्या दिवशी त्यांच्या कार्यालयात फोन करून पूर्ण नाव, हुद्दा आणि सध्याची नेमणूक लिहून घेणं. खांद्यावरचे तारे मोजून अंदाज बांधायचा नाही. तीन तारे सहायक पोलीस निरीक्षकाच्या खांद्यावर असतात आणि पोलीस निरीक्षकाच्याही, फरक फितीत असतो. शिवाय नागपूर शहराला पोलीस आयुक्त असतात, वर्धा जिल्ह्याचे प्रमुख मात्र पोलीस अधीक्षक. भाषणात उत्साहाच्या भरात 'आयुक्तालय' म्हणून गेलं, तर मागच्या रांगेतले हवालदार आधी हसतील.

आणि हो, त्या हवालदारांचीही ओळख करून द्यायची. साहेबांबरोबर आलेले अंमलदार नेहमी दाराशी उभे राहतात. पण बजाज चौकात, आर्वी नाक्यावर पोरांची गाठ पडते ती त्यांच्याशीच. त्यांचं नाव घेतलं की हॉल निम्मा सैलावतो.

मग खरा अवघड प्रश्न. सेलसुऱ्याचा उल्लेख करायचा का? २४ जानेवारी २०२२च्या रात्री तिथे पुलावरून गाडी कोसळली आणि सावंगीच्या मेडिकल कॉलेजचे सात विद्यार्थी गेले. वर्ध्यात ही गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही. बहीण म्हणाली, "नाव घेतलं नाही तर खोटं वाटेल. घेतलं तर कुणी रडेल." मग आम्ही ठरवलं, की एकच वाक्य म्हणायचं. कुणाचं नाव नाही, चूक कुणाची होती याची चर्चा नाही, आवाज ओला करणं नाही. हॉलमध्ये त्यांना ओळखणारं कुणी बसलेलं असू शकतं.

शेवटी जवळीक. ती विनोदाने येत नाही, प्रश्नाने येते. पोरांच्या मनातला प्रश्न चलानचा नसतोच. तो असतो, 'रस्त्यावर कुणी पडलेलं दिसलं आणि मी उचललं, तर पोलीस मलाच अडकवतील का?' या भीतीने गाड्या थांबत नाहीत. याचं उत्तर कायद्यात आहे. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या जखमीच्या इजेसाठी किंवा मृत्यूसाठी दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. २०२०च्या नियमांनुसार त्याला नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही. अर्थात हे वाटसरूसाठी. धडक ज्याच्या गाडीची, त्याला हे कवच नाही. त्याने जखमीवर उपचाराची सोय करायची आणि पोलिसांना कळवायचं, ही त्याची कायदेशीर जबाबदारीच आहे. पण हे सगळं निवेदिकेने सांगायचं नाही, साहेबांच्या तोंडून येऊ द्यायचं. प्रश्न मात्र त्यांना आदल्या दिवशीच्या फोनवर कळवून ठेवायचा, म्हणजे कुणी कुणाला कोंडीत पकडलं असं होत नाही.

तर मजकूर असा तयार झाला. बरोबर एका मिनिटाचा :

"नमस्कार. सेलसुऱ्याची रात्र आपण कुणी विसरलेलो नाही. त्या रस्त्यावरून आपल्यातले अनेक जण आजही जातात. म्हणून आज आपण अशा अधिकाऱ्यांना बोलावलं आहे, ज्यांना अपघाताचा फोन आला की रात्री-बेरात्री निघावं लागतं. त्यांच्यासोबत आलेले दोन अंमलदार आपल्याला चौकात रोज दिसतात, त्यांचंही स्वागत. सर, आमचा पहिला प्रश्न आधीच सांगते. जखमीला आम्ही दवाखान्यात नेलं, तर पोलीस आम्हाला काय विचारतील? आणि काय विचारणार नाहीत? मी विनंती करते जिल्हा वाहतूक शाखेचे सहायक पोलीस निरीक्षक..."

इथे पूर्ण नाव. सगळ्यात शेवटी, स्पष्ट आणि एकदाच. म्हणजे टाळ्या बरोबर त्या नावावर पडतात, आणि साहेब माइकपाशी येतात तेव्हा हॉल उत्तराची वाट पाहत असतो.