ऑनलाइन रियाजात लय का सुटते?





आपल्या शाळेतील इयत्ता आठवीची एक मुलगी गाणे शिकते. तिचे गुरुजी इंदूर सोडून पुण्याला स्थायिक झाले, तेव्हापासून तिचा रियाज मोबाईलवर व्हिडिओ कॉल करून चालतो. मागच्या सत्रात तिचे वडील मला भेटायला आले. मुलगी लयीत कच्ची आहे, बंदिश सुरू झाली की दोन आवर्तनांत मागे पडते, तेव्हा गाणे बंद करून अभ्यासाकडे लक्ष द्यायला सांगावे का, असे विचारत होते. हीच मुलगी शाळेच्या प्रार्थनेत पेटी आणि तबल्याबरोबर अगदी चोख गाते, हे आम्ही रोज ऐकतो. मग दोष मुलीचा की मोबाईलचा? हे तपासायचे आम्ही ठरवले. जे समजले ते सगळ्यांच्या उपयोगाचे आहे, म्हणून या अंकात लिहीत आहे.

इंग्रजीत या गोष्टीला लेटन्सी म्हणतात. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, मला सरळ ‘उशीर’ हाच शब्द बरा वाटतो. उशीर समोरासमोर बसल्यावरही असतो. हवेत आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तीन मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठेका गायकाला सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजला तर नऊ भाग उशिरा ऐकू येतो. या हजाराव्या भागाला मिलिसेकंद म्हणतात. एवढा उशीर आपल्याला जाणवत नाही. साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपर्यंत दोघे जण एकमेकांना धरून वाजवू शकतात. त्यापुढे मात्र लय ओढली जाऊ लागते. गुरुजी ठेका धरतात, मुलगी ऐकू येईल तशी गाते, तिचे गाणे गुरुजींना आणखी उशिरा पोहोचते. त्यांना वाटते ती मागे आहे, म्हणून ते थोडे थांबतात. ते थांबले म्हणून तीही थांबते. दोघेही बरोबर असतात आणि तरी लय संथ होत जाते.

आता हा उशीर येतो कुठून? पुष्कळांना वाटते, अंतरामुळे. इंदूर ते पुणे सुमारे ६०० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश एका सेकंदात सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एवढ्या अंतराला फक्त तीन मिलिसेकंद लागतात. तार सरळ जात नाही, मधे यंत्रे आहेत, तरी हा भाग फार मोठा नाही. खरा वेळ दोन्ही टोकांना जातो. फोन आवाजाचे छोटे तुकडे करतो, ते दाबून लहान करतो, प्रतिध्वनी आणि गोंगाट काढतो आणि मग पाठवतो. तुकडे वाटेत मागेपुढे होतात, म्हणून पलीकडचा फोन थोडा साठा करून मगच वाजवतो. वाय-फाय जितके अस्थिर, तितका हा साठा मोठा ठेवावा लागतो. शेवटी कानाला बिनतारी इअरफोन असेल तर तो आवाज पुन्हा एकदा दाबून पाठवतो आणि त्यात बहुतेक वेळा शंभराहून अधिक मिलिसेकंद जातात.

आम्ही केलेली चाचणी कोणालाही घरी करता येईल. गुरुजींनी मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावला. मुलीने ऐकू येणाऱ्या ठोक्यावर अचूक टाळी द्यायची, गुरुजींनी फक्त ऐकायचे. त्यांच्याकडे टाळी दोन ठोक्यांच्या अगदी मध्ये पडत होती. मग त्यांनी ठोके हळूहळू वाढवले. १२० वर टाळी बरोबर पुढच्या ठोक्यावर आली. १२० च्या लयीत दोन ठोक्यांत अर्धा सेकंद असतो, म्हणजे जाऊन-येऊन उशीर ५०० मिलिसेकंदांचा. तीनतालाची मध्य लय धरली तर पूर्ण एक मात्रा! मुलगी समेवर येत होती, पण गुरुजींना ती दुसऱ्या मात्रेवर आल्यासारखी ऐकू येत होती.

मग एकेक गोष्ट बदलून पाहिली. मुलीने बिनतारी इअरफोन काढून साधा वायरचा लावला, तेव्हा टाळी आणि ठोका १८० वर जुळले, म्हणजे उशीर सुमारे ३३० वर आला. नंतर वाय-फाय सोडून लॅपटॉप केबलने राउटरला जोडला आणि घरातला दुसरा व्हिडिओ बंद केला, तेव्हा २०० वर जुळले, म्हणजे ३०० मिलिसेकंद. दोनशे मिलिसेकंद असे कमी झाले आणि खर्च झाला तो वायरीचा. पण ३०० मिलिसेकंदांतही मध्य लयीत एकत्र गाता येत नाही, हे मान्य करावे लागेल.

याहून खाली जायचे तर साधा व्हिडिओ कॉल सोडावा लागतो. जॅमुलस आणि जॅकट्रिप हे खास वादकांसाठी केलेले मोफत प्रोग्राम आहेत. ते गोंगाट काढण्यात वेळ घालवत नाहीत आणि साठा अगदी लहान ठेवतात. दोन्हीकडे केबलचे इंटरनेट, वायरचा हेडफोन आणि चांगले साउंड कार्ड असेल तर एका शहरात किंवा जवळच्या शहरांत दोघांना बरोबर वाजवता येते. अमेरिकेतल्या नातवाबरोबर मात्र नाही. १२ हजार किलोमीटरला प्रकाशालाच एका बाजूने ६० मिलिसेकंद लागतात. तिथे कोणतेही यंत्र उपयोगाचे नाही.

मग आमच्या मुलीचे काय केले? ठेक्याची जागा बदलली. तबल्याचे अ‍ॅप मुलीच्या घरी, दुसऱ्या फोनवर लावले आणि गुरुजींनी ठेका धरणे बंद केले. आता ठेका आणि गळा एकाच खोलीतून एकत्र निघतात आणि पुण्याला एकत्रच पोहोचतात. दोन्ही उशिरा पोहोचतात, पण एकमेकांशी जुळलेले असतात. गुरुजींना तिची लय खरी जशी आहे तशी ऐकू येते. ते चूक सांगायला आवर्तन संपल्यावर थांबवतात. स्वतः गाऊन दाखवतात तेव्हा ती गप्प असते. आळीपाळीने शिकण्यात उशीर आड येत नाही.

तानपुऱ्याची गोष्ट उलट आहे. त्याला मात्रा नाही, म्हणून तो उशिरा आला तरी बिघडत नाही. पण एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्यासारखा गोंगाट, असे समजून कॉलचा प्रोग्राम तो पुसून टाकतो. लांबवलेला ‘सा’ मधेच विरतो तोही यामुळेच. झूमवर Original Sound for Musicians ही सोय चालू केली की हे थांबते. मात्र कानाला वायरचा हेडफोन हवाच, नाहीतर पलीकडच्या माणसाला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो.

पहिल्याच तासानंतर गुरुजींचा फोन आला. मुलगी समेवर येते, फक्त अंतरा घाईने उचलते, असे त्यांनी सांगितले. घाई हा शिकवून सुधारता येणारा दोष आहे. वडिलांनी गाणे बंद करण्याचा विचार सोडला आहे.

ज्यांच्या घरी अशी शिकवणी चालते, त्यांनी मुलाला रागावण्याआधी मेट्रोनोमची चाचणी जरूर करावी. मदत हवी असल्यास शाळा सुटल्यावर संगीत कक्षात यावे, येताना आपला इअरफोन बरोबर आणावा.

आपला,
प्राचार्य