देवनागरी नाण्याचा देश

परक्या लिपीतले नाणे ओळखणे अवघड, असा आपला समज असतो. माझा अनुभव उलटा आहे. मराठी माणसाला सर्वांत अधिक चकवते ते देवनागरी अक्षरांचे नाणे. अक्षरे वाचता येतात, म्हणून ते आपल्याच देशाचे असणार, असे आपण चटकन ठरवून टाकतो.

आपल्या वसतिगृहातील एका वर्गबंधूने मागील वर्षी मला एका नाण्याचे छायाचित्र पाठविले. ते आजोबांच्या पेटीत सापडले होते. १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडू येथे भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेला आजोबा गेले होते, असे घरात सांगत. परंतु नाण्यावर स्पष्टपणे ‘२०१३’ असे वर्ष होते. हे तर अलीकडचे नाणे, मग आजोबांची गोष्ट खोटी की काय, या शंकेने तो अस्वस्थ झाला होता.

मी प्रथम अंकांकडे पाहिले. भारताच्या अलीकडच्या नाण्यांवर ‘भारत’ हे नाव असते आणि वर्ष इंग्रजी अंकांत छापतात. येथे नाव दिसत नव्हते आणि अंक देवनागरी होते. म्हणजे वर्ष इसवी सनाचे नसून विक्रम संवताचे असण्याचा संभव होता. मात्र एवढ्याने देश ठरत नाही. बडोदे संस्थानच्या जुन्या पैशावरही देवनागरी अक्षरे आणि संवताचेच वर्ष आढळते. म्हणून राज्यकर्त्याचे नाव वाचणे आवश्यक होते.

छायाचित्रात प्रकाश नाण्यावर समोरून पडल्याने कडेची अक्षरे चकाकीत बुडाली होती. नाणे खिडकीजवळ ठेवून, तिरप्या उजेडात, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेण्यास मी त्याला सांगितले. ती आली तेव्हा एका बाजूस ‘श्री ५ महेन्द्र’ ही अक्षरे उमटली आणि दुसरीवर ‘श्री भवानी’. ‘श्री ५’ म्हणजे पाच वेळा श्री. ही नेपाळच्या राजाची उपाधी. महेंद्र १९५५ ते १९७२ या काळात राजे होते. विक्रम संवतातून सत्तावन्न वजा केले की इसवी सन मिळतो; जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या दिवसांसाठी छप्पन्न. २०१३ मधून सत्तावन्न गेले, उरले १९५६. राजाचा काळ आणि वर्ष यांचा मेळ बसला. नाणे नेपाळचेच ठरले.

वर्गबंधूला अतिशय आनंद झाला. तरीही त्याला एक गोष्ट सांगणे मला भाग होते. नाण्यावरचे वर्ष ते पाडल्याचे असते, हाती आल्याचे नव्हे. तेच नाणे पुढे कित्येक वर्षे बाजारात फिरते आणि सीमेवरून कोणाच्याही खिशातून येऊ शकते. या नाण्याने आजोबांच्या कथेवरील आक्षेप दूर केला; ती सिद्ध केली नाही. त्यासाठी पत्र, तिकीट किंवा सोबत्याची आठवण शोधावी लागेल. तो शोध त्याने आता सुरू केला आहे.